शाळा सुटल्यावर पोरगं टपरीवर नक्की काय शिकतं?

संध्याकाळची शाळा

गेली अकरा वर्षं पुण्याच्या दक्षिणेकडच्या एका वस्तीत मी संध्याकाळी सहा ते नऊ शिकवते. माझी मुलं म्हणजे शाळा सुटलेली, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी. २०२२-२३ पासून 'कोयता गँग' हा शब्द रोज पेपरात यायला लागला. त्यातल्या काही पोरांना मी त्यांच्या शेंबड्या वयापासून ओळखते. ती एक गँग नाही, हे आधी सांगते. चार-सहा-दहा पोरांची टोळकी असतात. प्रत्येकाची टपरी वेगळी, प्रत्येकाचा भाई वेगळा, आणि कोयता तोच, ऊस तोडायचा नाहीतर शहाळं फोडायचा.

माझा प्रश्न असा. वस्तीत, पोलीस चौकीत, शाळेच्या मीटिंगमध्ये सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: "शाळा सुटली की पोरगं गँगला लागतं." मला ते अर्धवट वाटतं. माझ्याकडे शाळा सुटलेली जवळजवळ दोनशे मुलं येऊन गेली आणि त्यातली बहुतेक रंगारी, डिलिव्हरीवाले, गॅरेजवाले झाली. मग उरलेल्यांच्या बाबतीत काय वेगळं घडलं?

एका मुलाचं सविस्तर सांगते, त्याला बारक्या म्हणू. वडील रंगकाम करतात, आई धुणीभांडी. नववीच्या दिवाळीनंतर त्याने शाळा सोडली. मला हिशेब लिहायची सवय आहे, म्हणून त्याच्याशी बोलून मी त्याचा आठवडा वहीत मांडला. शाळेत होता तेव्हा सहा दिवस साडेपाच तास, म्हणजे ३३ तास शाळेत. शाळा सुटल्यावर तीन महिन्यांनी दुपारी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते अकरा टपरीवर, म्हणजे दिवसाचे आठ आणि आठवड्याचे जवळजवळ ५६ तास. आई सकाळी साडेसहाला बाहेर, दोनला परत, पाचला पुन्हा बाहेर. तिच्याशी जागेपणी बोलणं दिवसाला तासभर, आठवड्याचे सात. माझ्या वर्गाचे नऊ तास ठरलेले होते, हजेरीत भरले चार.

हे आकडे बघून माझ्या पोटात गोळा आला. पण ५६ तास टपरीवर बसणारी, तरी कुठेच न गेलेली मुलंही मी पाहिली आहेत. गुन्हेगारीशास्त्र शिकलेलं कुणी इथे आहे का?

गावकरी

ताई, याला शास्त्र कशाला हवं? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आपल्या आजोबांना हे माहीत होतं. पोराला शाळेत डांबून ठेवा, संगत सुटेल, प्रश्न संपला. इतकी वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते, नववीत एकदम गणित-विज्ञान डोक्यावर आदळतं आणि पोरं पळतात. तिथे मार्ग काढा.

दुपारचा तास

मी पंधरा वर्षं गुन्हेगारीशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबेल.

गावकरी, तुमची म्हण आणि एडविन सदरलंडचं म्हणणं एकाच वाटेने सुरू होतं, पण पुढे फुटतं. सदरलंड अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ. १९३९ मध्ये त्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात हा विचार पहिल्यांदा मांडला आणि १९४७ च्या आवृत्तीत नऊ विधानांत पक्का केला. वाईट माणसांशेजारी बसलं की गुण लागतो, असं ते म्हणत नव्हते. तसं असतं तर तुरुंगातला प्रत्येक शिपाई चोर झाला असता. त्यांचं म्हणणं असं की जवळच्या माणसांशी बोलता-वागताना माणूस दोन गोष्टी शिकतो. एक, काम कसं करायचं. दुसरी, आणि खरी महत्त्वाची, ते काम करायला हरकत का नाही. कायदा मोडायला हरकत नाही असं सांगणारं बोलणं, कायदा पाळावा असं सांगणाऱ्या बोलण्यापेक्षा जड झालं, की माणूस त्या बाजूला कलतो. म्हणजे संगत हे भांडं झालं, त्यात काय ओतलं जातं ते बघायचं. कोयत्याला आयुष्यात हात न लावलेला एखादा काका "आपल्याला काय कोर्टात न्याय मिळणार आहे?" असं रोज म्हणत असेल, तर तोही त्या पारड्यात थोडं वजन टाकतो.

ताई, तुम्ही तास मोजलेत ते उत्तम. पण सदरलंडनी चार मापं सांगितली होती आणि तुमच्या वहीत त्यातली दोनच आली: किती वेळा भेट आणि किती वेळ. उरलेली दोन म्हणजे किती लहान वयात सुरुवात झाली, आणि तो माणूस पोराला किती मोठा वाटतो. टपरीवर ५६ तास बसून वाया न गेलेल्या मुलांबद्दल विचारलंत ना? त्यांच्या टपरीवर कोण बसत होतं आणि ते त्याला कोण समजत होते, हे सांगा.

संध्याकाळची शाळा

हे मनाला लागलं. हो, फरक तिथेच आहे.

बारक्या सातवीत असताना एका 'दादा'ने त्याच्या आईला दवाखान्यात नेलं होतं. रात्री रिक्षा मिळेना, दादाने गाडी काढली आणि डिपॉझिट भरलं. दादा तेव्हा २४-२५ चा, एकदा 'आत जाऊन' आलेला. बारक्या हे मला तीन वेळा सांगून गेला, दर वेळी त्याच शब्दांत: "आमच्या पप्पांकडं नव्हते, दादाकडं होते." म्हणजे शाळा नववीत सुटली, पण दादा सातवीतच मोठा झाला होता. शाळा सुटल्यावर त्या नात्याला फक्त मोकळा वेळ मिळाला.

दुसरा मुलगा, आता डिलिव्हरी करतो, तोही दिवसभर टपरीवरच असायचा. पण ती रिक्षावाल्यांची टपरी. त्यांच्या बोलण्यात हप्ते, मीटर, मुलीचं लग्न. त्याला तिथे कुणी भाई भेटलाच नाही.

माधवी_कोथरूड

मला हे सगळं थोडं खटकतंय. गरीब वस्तीतल्या मुलांचीच चर्चा का? पैसेवाल्यांची मुलं दारू पिऊन गाड्या उडवतात, तिथे सिद्धांत नसतो.

दुपारचा तास

मॅडम, तुमचा राग रास्त आहे आणि तोच राग सदरलंड यांना होता. 'पांढरपेशा गुन्हेगारी' हा शब्दच त्यांचा. गुन्हा गरिबीतून येतो असं म्हणणाऱ्यांच्या विरोधात त्यांनी हा विचार उभा केला. कंपनीतला नवा माणूस खोटे हिशेब वरिष्ठांकडून शिकतो, तसंच हे पोरगं दादाकडून शिकतं. पण धागा शाळा सुटलेल्या मुलांचा आहे, म्हणून तिथेच राहू.

तिसरा_बाक

मी स्वतः असा मुलगा होतो, वीस वर्षांपूर्वी, पिंपरीकडे. दहावी नापास. मला एक सांगायचंय, ते कुणी विचारत नाही. पहिल्यांदा एकाला मारलं तेव्हा मी गटाराजवळ जाऊन ओकलो. दोन दिवस जेवण गेलं नाही. मला वाटलं आपल्याच्यानं हे होणार नाही. पण त्या रात्री पोरांनी बिर्याणी मागवली आणि सगळ्यांच्या आधी ताट माझ्यापुढे ठेवलं. आयुष्यात माझ्यापुढे आधी ताट कुणी ठेवलं नव्हतं. दुसऱ्या वेळी ओकलो नाही. तिसऱ्या वेळी मीच पुढे होतो. प्रत्येक वेळी बिर्याणी नसायची. कधी नुसतं "वाघ आहे आपला" एवढंच. कधी काहीच नाही, उलट शिव्या. तरी जात राहिलो.

सुटलो कसा ते नंतर लिहीन.

दुपारचा तास

तिसरा_बाक, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वर्गात दोन तासांत जे सांगता येत नाही ते तुम्ही आठ ओळींत सांगितलंत.

सदरलंड यांच्या मांडणीतली मोठी फट हीच होती. माणूस शिकतो म्हणाले, पण कसा शिकतो ते सांगितलं नाही. १९६६ मध्ये रॉबर्ट बर्जेस आणि रोनाल्ड एकर्स या दोघांनी ती फट भरली. वागणं त्याच्या परिणामांवर टिकतं किंवा मरतं, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या शरीराने पहिल्या वेळी तुम्हाला शिक्षा दिली, ओकारीची. टोळक्याने त्याहून मोठं बक्षीस दिलं, पहिलं ताट. पारडं तिथे फिरलं. आणि 'प्रत्येक वेळी बिर्याणी नसायची' हे फार महत्त्वाचं. कधी मिळतं, कधी नाही, अशा बक्षिसाने पडलेली सवय सुटायला सगळ्यात अवघड असते. मटक्याचं व्यसन सुटत नाही ते याच कारणाने.

एकर्स पुढे आणखी एक सांगतात. दुसऱ्याचं बघून करणं हे सुरुवातीला जोरात काम करतं. नंतर त्याचं महत्त्व कमी होतं आणि मिळणारं बक्षीस गाडी ओढतं. म्हणून रील बघून कोयता हातात घेणारं पोरगं आणि दोन वर्षं टोळक्यात मुरलेलं पोरगं, दोघांना एकच औषध चालत नाही.

निवृत्त_फौजदार

३१ वर्षं खात्यात काढली, शेवटची आठ शहरात. चौकीतून काय दिसतं ते सांगतो.

पोरगं कुठवर पोचलंय हे वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून कळतं. पहिल्या वर्षी 'शुभेच्छुक'मध्ये खाली बारीक फोटो. पुढच्या वर्षी फोटो मोठा, नावापुढे 'भाऊ'. तिसऱ्या वर्षी केक कोयत्याने कापतात आणि व्हिडिओ स्टेटसला. आम्ही त्यावर गुन्हे दाखल करायचो. पण खरी बढती फ्लेक्सवर आधीच झालेली असायची.

पहिला गुन्हा बहुधा गाडीफोडीचा. पार्किंगमधल्या दहा-पंधरा गाड्यांच्या काचा. लोक विचारतात, या गाडीवाल्यांशी वैर काय? काहीच नाही. वैर नसलेल्याची काच फोडायला धीर लागतो आणि बाकीची पोरं बघत असतात. वस्तीत 'दहशत' झाली की काम झालं. आणि मोठे लोक अठराच्या आतली पोरं मुद्दाम पुढे करतात. "तुझं काय, निरीक्षणगृहात चार दिवस, मग घरी" हे त्यांनीच पढवलेलं असतं. पोराला हे ठाऊक नसतं की २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठराच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर मंडळ तपासणी करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं, आणि तिथे त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. त्याच कायद्याचं कलम ८३(२) तर त्यांना कुणीच सांगत नाही. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. माझ्या काळात हे कलम लागलेलं मी फार कमी पाहिलं, याची खंत आहे.

मी एक चांगलं काम केलं असं मला वाटतं. एका सुट्टीत चार वस्त्यांतली २२ पोरं जमवून पाच दिवसांचं शिबिर घेतलं. व्यायाम, समुपदेशन, जेवण, सगळं एकत्र. पोरं खूश होती.

दुपारचा तास

साहेब, गाडीफोडीबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते कुठल्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट आहे. शिबिराबद्दल मात्र मला वाईट बातमी द्यावी लागतेय, आणि तुमचा हेतू चांगला होता हे जाणून देतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ ते १९४५ एक मोठा प्रयोग झाला. मुलांच्या जोड्या लावल्या. एकाला सल्लागार, शिकवणी, दवाखाना, सगळी मदत. दुसऱ्याला काहीच नाही. जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला, तर मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतींत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. पुढे खोलात गेल्यावर नुकसान बहुतेक त्यांचं दिसलं ज्यांना उन्हाळी शिबिरांना एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं होतं.

का, याचा अंदाज टॉमस डिशियन यांच्या कामातून येतो. ओरेगनमध्ये त्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना त्यांच्या मित्राबरोबर खोलीत बसवून २५ मिनिटं बोलू दिलं आणि चित्रण केलं. मग मोजलं काय, तर नियम मोडण्याच्या गोष्टीवर मित्र हसतो का. काही जोड्यांत नेहमीच्या साध्या गप्पांवर हसू फुटायचं, काही जोड्यांत मारामारी-चोरीच्या गोष्टीवर. दुसऱ्या प्रकारच्या मुलांचं वागणं पुढच्या दोन वर्षांत जास्त बिघडलं. हसू हेच ते बक्षीस, तिसरा_बाकच्या ताटासारखं. शिबिरात २२ पोरांना तुम्ही पाच दिवस व्याख्यानं दिलीत, आणि रात्री दिवे गेल्यावर त्यांनी एकमेकांना पाच रात्री हसवलं.

निवृत्त_फौजदार

हे वाचून रात्री झोप लागली नाही. कारण शिबिरानंतर दोन महिन्यांनी एका केसमध्ये दोन वेगळ्या वस्त्यांतली पोरं एकत्र सापडली होती. तेव्हा मी म्हटलं होतं, यांची ओळख कुठं झाली? आता उत्तर समजतंय. मग पोरांना एकेकटं भेटायचं का? माणूसबळ कुठून आणणार?

पूर्व_लंडनकर

मी पूर्व लंडनमध्ये शाळेत मदतनीस म्हणून काम करते, मूळची साताऱ्याची. इथे शाळेतून काढलेल्या मुलांसाठी वेगळी केंद्रं असतात, त्यांना पीआरयू म्हणतात. सगळे काढलेले एकाच इमारतीत. ड्रग्ज पोचवायला पोरं हवी असणारे लोक कुणाच्या मागावर असतात, सांगायला नको. शिक्षक जीव तोडून काम करतात, पण दुपारच्या सुट्टीतला तास त्यांच्या हातात नसतो. फौजदारसाहेबांची २२ पोरं वाचून तीच इमारत आठवली.

सोलापुरी_चादर

माफ करा, मध्येच विचारते. माझा भाचा नववीत आहे, सोलापुरात. अभ्यासात मन नाही, दोन वेळा शाळेतून तक्रार आली की मारामारी केली. दिदीला वाटतं त्याला गावी आजोबांकडे पाठवावं, म्हणजे संगत तुटेल. पाठवू का? की गँगला लागलाय असं समजायचं?

तिसरा_बाक

ताई, दोन मारामाऱ्या म्हणजे गँग नाही. मला पण गावी पाठवलं होतं. गावी गेल्यावर दिवसभर काही काम नव्हतं, रात्री पोरांचे फोन. दीड महिन्यात पळून आलो. आता तर फोनवर ग्रुप, स्टेटस, लाइव्ह. शरीर गावात आणि कान टपरीवर.

मी सुटलो ते मामाच्या फॅब्रिकेशनच्या शेडमुळे. उपदेश मामाने एकदाही केला नाही. सकाळी आठला यायचं, हेल्मेट-चष्मा लावायचा, वेल्डिंग नीट झालं की म्हणायचा, "हा जोड तुझा." महिन्यात पहिलं गेट माझ्या हातचं लागलं. लोक फोटो काढत होते. संध्याकाळी सातला इतका दमायचो की टपरीवर जायची ताकदच नसायची. भाचा कशात हुशार आहे ते बघा. ते गावी आहे का शहरात, त्यावर ठरवा.

अनघड

सगळं छान आहे, पण मला पटत नाही. माझ्या शेजारी दोन भाऊ. एकच खोली, एकच बाप, एकच टपरी, दोघांनी शाळा सोडली. एक आत आहे, दुसरा फुलांच्या बाजारात हमाली करतो. संगतच कारण असेल तर हे कसं? आणि 'पारडं जड झालं' हे ठरवणार कोण? आत गेला तर म्हणायचं पारडं जड होतं, नाही गेला तर म्हणायचं हलकं होतं. असं तर काहीही सिद्ध करता येतं. सरळ सांगा ना, मुळातच भडक डोक्याची पोरं शाळा सोडतात आणि तीच पोरं गँगमध्ये जातात. संगत नंतरची.

दुपारचा तास

अनघड, तुमचे दोन्ही आक्षेप जुने आहेत आणि खरे आहेत. पारडं मोजता येत नाही ही टीका सदरलंड यांच्यावर पहिल्यापासून झाली. एकर्सनी ते मोजता येईल असं केलं, मित्र किती, किती जवळचे, काय केल्यावर काय मिळालं, असे प्रश्न विचारून. तरी दोन भावांचं पूर्ण उत्तर या सिद्धांताकडे नाही. एका भावाला दादा भेटला आणि दुसऱ्याला नाही, एवढं शोधता येईल. पण दादा भेटूनही न कललेला भाऊ असतोच.

'आधी भडक, मग संगत' हे शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक हे जोडपंही म्हणायचं. याची चांगली परीक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात झाली. १९८८ पासून सरकारी शाळांतल्या सातवी-आठवीच्या हजार मुलांना वारंवार भेटून विचारत गेले. १९९३ मध्ये टेरेन्स थॉर्नबेरी आणि सहकाऱ्यांनी मुलांचं वागणं गँगमध्ये जाण्याआधी, असताना आणि सुटल्यावर असं वेगळं करून पाहिलं. जाण्याआधी, विशेषतः थोडा काळच आत राहिलेली मुलं, इतरांपेक्षा फार वेगळी नव्हती. आत असताना गुन्हे वाढले. बाहेर पडल्यावर उतरले. पोरं नुसती मुळातच भडक असती तर बाहेर पडल्यावर उतार दिसला नसता. म्हणजे निवड थोडी असेल, पण टोळकं स्वतः काहीतरी करतं, हे नक्की.

आता गावकरींचं 'शाळेत डांबा'. १९७४ मध्ये डेल्बर्ट एलियट आणि हार्विन व्हॉस यांनी कॅलिफोर्नियातल्या अडीच हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास छापला. शाळा सोडणाऱ्यांचे गुन्हे सोडण्याच्या आधी सर्वाधिक होते, सोडल्यावर कमी झाले. त्यांच्या मते अपमानाची जागाच शाळा होती. पण १९८५ मध्ये थॉर्नबेरी आणि इतरांनी फिलाडेल्फियातल्या मुलांबद्दल नेमकं उलट दाखवलं, की सोडल्यावर अटका वाढल्या आणि विशीतही वाढलेल्या राहिल्या. हे भांडण अजून मिटलेलं नाही. माझं स्वतःचं मत असं की उत्तर कुठल्या कारणाने शाळा सुटली आणि रिकाम्या वेळेत कोण आलं यावर बदलतं. कामासाठी सोडलेला आणि वर्गातून हाकललेला, दोघांना एका खात्यात टाकून चालणार नाही.

गावकरी

मी माझं 'डांबा' मागे घेतो. पण सर, एक सांगतो. बारक्याची टोळी शाळेच्या बाहेर जमली नसणार. मागचा बाक कुणी बनवला? सर लोकच बसवतात ना 'ढ' पोरं एकत्र.

संध्याकाळची शाळा

गावकरी दादा, बरोबर बोललात. बारक्याच्या टोळक्यातले चौघं सहावीपासून एका बाकावर होते. त्यांना वेगळं करून 'कच्च्या मुलांची' तुकडी केली होती. मी हे त्यांच्याकडूनच ऐकलं.

आणि सरांचं हसण्याचं वाचल्यावर मी मागच्या आठवड्यात माझ्याच वर्गात पाहिलं. माझा वर्ग म्हणजे तरी काय? शाळा सुटलेली १४ मुलं, रात्री नऊपर्यंत, एका खोलीत. मी फळ्याकडे वळले की मागे कुजबुज. त्या दिवशी मी वळलेच नाही, नुसती ऐकत राहिले. एकाने चौकीतल्या हवालदाराची नक्कल केली, सगळे हसले. मग दुसऱ्याने त्याहून मोठी गोष्ट सांगितली. वीस मिनिटांत तीन गोष्टी, प्रत्येक आधीच्यापेक्षा वरचढ. अकरा वर्षं मी समजत होते की मी त्यांना टपरीवरून उचलून आणते.

म्हणून सोमवारपासून एक बदल केलाय. वस्तीतल्या पाच बायका दहावीला बसणार आहेत, चाळिशीतल्या. त्यांची वेळ दुपारची होती, ती मी संध्याकाळी आणली. आता प्रत्येक बाकावर एक मावशी आणि दोन-तीन पोरं. पहिल्या दिवशी नक्कल सुरू झाली तर मावशी म्हणाल्या, "अरे, त्रैराशिक सांग की मला, माझी पोरगी विचारते." पोरगा चक्क त्यांना समजावत बसला. एक दिवसाचं आहे, यावर मी काहीच म्हणत नाही.

बारक्या सध्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशला जातो, सात महिने झाले. पण दर शनिवारी रात्री दादाकडे जातोच. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आईचा दवाखाना कोणी केला होता?" याला मी काय उत्तर देऊ? मला अजून सापडलेलं नाही.

तिसरा_बाक

ते उत्तर देऊ नका ताई. मला पण असंच एक देणं होतं. मामाने मला पगाराच्या पहिल्या तीन महिन्यांत त्या माणसाचे साडेचार हजार रोख परत करायला लावले, स्वतः माझ्याबरोबर येऊन. त्याने आधी घेतले नाहीत, हसला. मामा म्हणाला, "घे, पोराच्या घामाचे आहेत." त्याने घेतले. नंतरही तो रस्त्यात दिसायचा, मी नमस्कार करायचो. पण शनिवारी जायचं बंद झालं.

बारक्याच्या आईचं डिपॉझिट किती होतं, विचारा एकदा.

संध्याकाळची शाळा

विचारलं. सहा हजार. त्याच्या आईला आकडा तोंडपाठ होता, बारक्याला माहीतच नव्हता. त्याचे वडील मात्र म्हणाले की दादा पैसे परत घेणारच नाही, उलट चिडेल. फौजदारसाहेब, तुम्ही असा प्रकार पाहिलाय का? पोरावर उलटेल का हे?

निवृत्त_फौजदार

उलटू शकतं. पोराला एकट्याला पाठवू नका, आणि टपरीवर सगळ्यांसमोर तर नाहीच. वडिलांनी जावं, दादाच्या घरी, त्याची आई घरात असेल अशा वेळी. पैसे त्याच्या आईच्या हातात द्यावेत. मी दोन वेळा असं झालेलं पाहिलंय. एकदा मिटलं. एकदा नाही मिटलं, पोराला वर्षभर वस्ती सोडून राहावं लागलं. कोणतं होईल ते दादा कसा आहे त्यावर आहे आणि तो मला माहीत नाही. तुम्ही त्याला पाहिलंय का?